पुस्तक फुकट आलं, मत कुणाचं?

मराठी मासिकांच्या शेवटच्या पानांवर ‘साभार पोच’ नावाचं एक सदर असायचं, काहींत अजूनही असतं. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं आणि किंमत, बस्स. बारीक टायपातल्या त्या यादीकडे फारसं कुणी बघत नसे. पण त्या यादीमागे एक शिस्त होती. प्रकाशक अभिप्रायार्थ दोन प्रती संपादकाच्या नावे पाठवायचा. एक प्रत कार्यालयात राहायची, दुसरी परीक्षकाकडे जायची. कुठलं पुस्तक परीक्षणाला द्यायचं, कुणाला द्यायचं आणि कुठलं पोच देऊन मिटवायचं, हे संपादक ठरवायचा. लेखकाच्या मेव्हण्याकडे पुस्तक जाणार नाही, हे बघणं त्याचंच काम. आलेल्या लेखातली फुगलेली वाक्यं कापणं, चुकलेलं साल दुरुस्त करणं आणि पुढच्या अंकात खुलासा छापणं हेही त्याच्याकडेच.

आज पुस्तकांवरचा ब्लॉग किंवा यूट्यूब चॅनेल सुरू करायला फोन आणि पुस्तक एवढं पुरतं. मधला संपादक मात्र नाहीसा झालेला असतो. पुस्तक थेट तुमच्या घरी येतं, लेखकाचा फोन तुम्हालाच येतो आणि मतही तुम्हीच थेट लोकांपुढे मांडता. पुस्तकांबद्दल बोलणाऱ्यांपैकी काहींचा शब्द दोन वर्षांनी वजनदार होतो आणि बाकीच्यांचा पुठ्ठ्यावरच्या मजकुरासारखा ऐकू येतो. कॅमेरा किंवा आवाज यांचा त्यात वाटा थोडाच असतो. ज्याने संपादकाची कामं स्वतःच्या अंगावर घेतली, त्याच्यावर लोक विश्वास ठेवू लागतात.

पहिलं काम पुस्तकं निवडण्याचं. ‘मी सगळं वाचतो’ असं म्हणणाऱ्याच्या चॅनेलवर एका आठवड्यात शेअर बाजाराचं पुस्तक, दुसऱ्यात संतचरित्र आणि तिसऱ्यात भयकथा दिसते. माणूस खरोखरच सगळं वाचत असेल, पण ऐकणाऱ्याला त्याचा अंदाज लागत नाही. परीक्षकाचं मत आपल्याशी जुळलंच पाहिजे असं नसतं. तो कुठल्या बाजूला झुकतो हे कळलं म्हणजे झालं. ‘ह्यांना लांबलचक निसर्गवर्णन सोसत नाही, म्हणजे ह्यांनी ज्याला कंटाळवाणं म्हटलं ते मला आवडू शकेल,’ असा हिशेब वाचक करू लागला की नातं जमलं. त्यासाठी पहिली सात-आठ पुस्तकं एकाच पट्ट्यातली असावीत. मराठी आत्मचरित्रं घ्या, साठोत्तरी कादंबरी घ्या, गोव्यातलं मराठी लेखन घ्या, किंवा मुलांची चित्रपुस्तकं घ्या. शेवटच्या क्षेत्रात मराठीत नेमकं बोलणारी माणसं कमी आहेत आणि आईवडिलांना विचारायला कुणी नसतं, म्हणून मी तर तीच सुचवेन.

याच सात-आठांत एखादं न आवडलेलं पुस्तकही असलं पाहिजे, आणि ते लवकर आलं पाहिजे. पंधरा पुस्तकांची वाहवा करून सोळाव्यावर टीका केली, तर लोकांना वाटतं काहीतरी भांडण झालं असावं. मात्र टीकेसाठी पुस्तक निवडताना लेखक नावाजलेला हवा. गाजलेल्या कादंबरीतला दुसरा भाग ढिला का वाटला हे सांगितल्याने तिच्या लेखकाचं काही बिघडत नाही, ऐकणाऱ्याला मात्र तुमची पट्टी कळते. स्वतःच्या खर्चाने पहिला कवितासंग्रह काढलेल्या शिक्षकावर धार लावून काय साधणार? त्या पुस्तकावर न बोलणं हाही एक अभिप्रायच असतो, आणि जुने संपादक पोच देऊन तेच करत.

आता परीक्षणाकडे. मराठी पुस्तकपरीक्षणाला एक जुनी खोड आहे. ‘ओघवती भाषा’, ‘मनाचा ठाव घेणारं’, ‘प्रत्येकाच्या संग्रही असावं असं’ ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. एकेक वाक्य घेऊन विचारायचं, हे दुसऱ्या एखाद्या पुस्तकाबद्दल जसंच्या तसं म्हणता येईल का? येत असेल तर ते काढायचं. पहिल्या मसुद्यात निम्मा मजकूर असाच उडतो. उरतं ते परीक्षण.

उदाहरणासाठी सर्वांना ठाऊक असलेली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेऊ. ‘बनगरवाडी ही ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण करणारी हृदयस्पर्शी कादंबरी आहे’ हे वाक्य खोटं नाही, पण त्यातून कादंबरीबद्दल काहीच कळत नाही. पेन्सिल हातात धरून वाचलं तर काय सापडतं बघा. तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो आणि गाव त्याला हळूहळू भलत्याच कामांना लावतं. कुणाचं लिहिणं, कुणाचं बाहेरगावचं काम, कुणाचा तंटा. तालमीची इमारत उभी राहते आणि पुढे दुष्काळात गावच उठून जातं. एवढं वाचल्यावर असं वाक्य सुचू शकतं: ‘मास्तर गाव घडवायला येतो असं आपल्याला वाटत राहतं, पण पुस्तकभर गावच मास्तरला घडवत असतं, आणि दुष्काळ आला की शाळा, तालीम, मास्तर यांपैकी कशालाही गावाला थोपवून धरता येत नाही.’ हे वाक्य दुसऱ्या कादंबरीला लावता येणार नाही.

मग त्याला पुरावा हवा, आणि तो एकाच प्रसंगाचा पुरतो. अंजीची चोळी शिवून आणण्यावरून कारभारी आणि मास्तर यांच्यात आलेला दुरावा घ्या. साधं परोपकाराचं काम गावाच्या नजरेत काय होऊन बसतं आणि लेखक त्यावर एकही शेरा न मारता पुढे कसा जातो, हे दोन मिनिटांत उलगडून सांगता येतं. माडगूळकरांची भाषा साधी आहे असं म्हणण्यापेक्षा हा न मारलेला शेरा दाखवणं जास्त उपयोगाचं. शेवटी आपली तक्रारही सांगावी. या कादंबरीतल्या बायका आपल्याला मास्तरच्या अंतरावरूनच दिसतात, त्यांच्या घरात आपण शिरत नाही. कुणी म्हणेल, निवेदक मास्तरच आहे, तो कसा शिरेल? बरोबर आहे. पण ही मर्यादा जाणवली, एवढं नोंदवण्यात कमीपणा नाही. आणि निकाल? मी चांदण्यांच्या विरोधात आहे. पाचपैकी चार चांदण्या मराठीत इतक्या सहज वाटल्या जातात की साडेतीन मिळाल्या तर लेखकाला अपमान वाटतो. त्यापेक्षा विकत घ्यावं, वाचनालयातून आणावं की सोडून द्यावं, एवढं स्पष्ट सांगितलं की ऐकणाऱ्याचं काम होतं. मराठी कादंबरीची किंमत तीनशे-चारशेच्या घरात गेली असताना हा प्रश्न त्याच्या खिशाचा असतो. ‘बनगरवाडी’ विकत घ्यावी, हे वेगळं सांगायला नको.

एवढं बोलायला आठ मिनिटं पुरतात. सावकाश, समजेल असं मराठी बोलताना मिनिटाला साधारण एकशेवीस शब्द होतात, म्हणजे आठ मिनिटांना साडेनऊशे शब्द. पूर्वीच्या रविवार पुरवणीतल्या बऱ्यापैकी लांब परीक्षणाएवढाच हा ऐवज झाला. तो आधी लिहून काढावा, पण कॅमेऱ्यासमोर कागद वाचू नये. मुद्द्यांच्या चिठ्ठीवर पाच-सहा ओळी, प्रसंगाचे पान क्रमांक आणि उच्चारायला अडचणीची नावं एवढंच ठेवावं. सुरुवातीची दोन वाक्यं आणि निकालाचं वाक्य तेवढं पाठ असावं, कारण माणूस तिथेच घसरतो आणि ‘तर मित्रांनो’ म्हणत वेळ काढतो. ब्लॉग असेल तर हेच साडेनऊशे शब्द, फक्त प्रसंग थोडा अधिक तपशिलात.

यंत्रांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. प्रेक्षक अंधूक चित्र सहन करतो, घुमणारा आवाज सहन करत नाही. पंखा बंद ठेवून, पडदे आणि पुस्तकांनी भरलेल्या खोलीत, कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक वापरला तर भागतं. तीस सेकंद ध्वनिमुद्रण करून इअरफोनवर ऐकलं की शेजारच्या कुकरची शिट्टी किती आत येते ते कळतं.

खरी परीक्षा सुरू होते पाच-सहा महिन्यांनी, पैशाच्या आणि भेटीच्या रूपाने. आधी पैशाचा हिशेब बघू. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला १००० सदस्य आणि गेल्या वर्षभरात ४००० तास पाहिलं गेलेलं असणं लागतं (छोट्या व्हिडिओंसाठी निकष वेगळा आहे). ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. तुमचा आठ मिनिटांचा व्हिडिओ सरासरी चार मिनिटं बघितला जातो असं धरलं, तर वर्षात साठ हजार वेळा तो बघितला जायला हवा. मराठी पुस्तकांवरच्या नव्या चॅनेलला ही मजल दूरची. पण त्याच्या खूप आधी, पाचशे सदस्य झाले की, लेखक आणि प्रकाशक दारात येतात. म्हणजे जाहिरातीचा पहिला रुपया येण्यापूर्वी फुकटचं पुस्तक येतं, मागोमाग ‘प्रमोशनचे किती घेता?’ हा प्रश्न येतो. सगळी धोरणं त्या प्रश्नाआधी ठरलेली असावीत, कारण तो विचारला गेल्यावर शांत डोक्याने ठरवता येत नाही.

फुकट आलेली प्रत घेण्यात काहीच गैर नाही. जुनी मासिकं त्यावरच चालत. गैर आहे ते न सांगणं. भारतात याला आता नियमही आहेत. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल’ची समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१पासून लागू झाली आणि जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही आपली सूचनापत्रिका काढली. पैसे घेतले असतील तरच सांगायचं, असा त्यांचा अर्थ नाही. फुकट वस्तू, सवलत, प्रवासखर्च, नातेसंबंध, नोकरी यांतलं जे काही मतावर परिणाम करू शकेल ते उघड करायचं. तेही तळाशी हॅशटॅगांच्या गर्दीत नाही, तर सहज दिसेल अशा जागी. व्हिडिओत असेल तर पडद्यावर आणि तोंडानेही. यूट्यूबवर पैसे घेतलेल्या मजकुरासाठी व्हिडिओच्या तपशिलात वेगळी खूण करायची सोय आहे, ती वापरायची. विक्रीच्या दुव्यावरून दलाली मिळत असेल तर दुव्याशेजारीच तसं लिहायचं.

नियम बाजूला ठेवले तरी एक साधी सवय पुरेशी आहे. प्रत्येक व्हिडिओच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात एक वाक्य ठरलेलं असावं: ‘ही प्रत मी विकत घेतली,’ किंवा ‘ही प्रकाशकांनी पाठवली,’ किंवा ‘ही वाचनालयाची आहे.’ विकत घेतली असेल तेव्हाही सांगायचं. फक्त फुकट आली तेव्हाच सांगितलं तर ते कबुलीजबाबासारखं वाटतं आणि माणूस हळूहळू ते टाळू लागतो. दरवेळी सांगितलं की त्यात संकोच उरत नाही, आणि सहा महिन्यांनी तुमच्याकडे किती पुस्तकं कुठून येतात हे प्रेक्षकांनाही दिसतं. लेखक ओळखीचा असेल तर तेही याच वाक्यात. मराठी साहित्याचं जग लहान आहे. संमेलनात, व्याख्यानमालेत, एखाद्या दिवाळी अंकात कुणीतरी कुणालातरी भेटलेलं असतंच. ओळख आहे म्हणून बोलायचंच नाही असं ठरवलं तर पाच वर्षांनी बोलायला पुस्तक उरणार नाही. जवळच्या मित्राच्या पुस्तकावर मात्र बोलू नये. तिथे नुसतं ‘माझ्या मित्राचं पुस्तक आलंय’ म्हणावं, परीक्षण म्हणू नये.

प्रत पाठवू इच्छिणाऱ्याला काय लिहायचं, याचाही मसुदा तयार असलेला बरा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो: ‘सर, तुमचे व्हिडिओ छान असतात. माझी कादंबरी पाठवू का? पत्ता द्या.’ उत्तर असं असू शकतं: ‘नमस्कार मॅडम. जरूर पाठवा. दोन गोष्टी आधीच सांगतो. आलेल्या प्रत्येक पुस्तकावर बोलणं मला जमत नाही, आणि बोललो तर मत आधी दाखवता येणार नाही. चालणार असेल तर पत्ता पाठवतो.’ यात रुक्षपणा नाही आणि पुढची भांडणं मिटतात. निम्मे लोक इथेच थांबतात, आणि जे पाठवतात त्यांचा तुमच्याबद्दलचा आदर वाढलेला असतो. पैसे घेऊन काही करायचंच असेल तर लेखकाची मुलाखत घ्यावी, प्रकाशन समारंभाचं चित्रीकरण करावं, आणि त्यावर ‘सशुल्क’ असं ठळक लिहावं. परीक्षणाचे पैसे मात्र लेखकाकडून वा प्रकाशकाकडून घेऊ नयेत. उघड करून घेतले तरी नाही, कारण पैसे देऊन परखड मत विकत घेणारा लेखक मी अजून पाहिलेला नाही.

आता उरलं तपासणीचं काम, आणि इथे मराठी चॅनेलं फार ढिली असतात. पुस्तक हातात घेतल्यावर आधी शीर्षकपानामागचं पान वाचावं. तिथे पहिली आवृत्ती कधीची, हातातली कितवी, मुखपृष्ठ कुणाचं, हक्क कुणाचे हे छापलेलं असतं. ‘बनगरवाडी’ची नवी कोरी प्रत हातात घेऊन कुणी तिला अलीकडची कादंबरी समजला तर सगळं परीक्षणच वाकडं जातं, कारण ती १९५५ची आहे आणि तिच्यातली वाडी औंध संस्थानाच्या काळातली. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव मूळ लेखकाच्या जोडीने घ्यायचं. मूळ भाषा येत असेल तर दोन-तीन पानं ताडून बघायची. येत नसेल तर ‘अनुवाद चांगला उतरला आहे’ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. मराठी वाक्य अडखळतं की नाही, एवढंच तेव्हा सांगता येतं.

पुस्तकातलं किती वाचून दाखवायचं, हाही याच तपासणीचा भाग आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा आहे, पण किती ओळी याचा आकडा त्यात नाही. आपण मुद्दा मांडतो आहोत आणि उतारा त्याला आधार देतो आहे, इतपत ठीक. तीन कविता सलग म्हणून शेवटी ‘किती सुंदर ना?’ म्हणणं हे परीक्षण नव्हे. भारतात लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. माडगूळकर २००१ साली गेले, म्हणजे ‘बनगरवाडी’चं अभिवाचन मालिकेसारखं चॅनेलवर टाकायचं तर परवानगी हवी. गटागटांतून फिरणाऱ्या पीडीएफबद्दल वेगळं बोलायला नको. असं पीडीएफ वाचून परीक्षण करणाऱ्याने ‘प्रत कुठून आली’ या वाक्यात काय सांगायचं?

एवढं करूनही चुका होणार. लेखकाचं गाव चुकेल, पात्रांची अदलाबदल होईल. ब्लॉगवर मजकूर बदलता येतो, पण मुकाट्याने बदलू नये. खाली तारीख घालून काय दुरुस्त केलं ते लिहावं. यूट्यूबवर तर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा ठेवताच येत नाही, फार तर मधला तुकडा कापता येतो. म्हणून दुरुस्ती वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहायची, प्रतिक्रियांत सर्वांत वर लावून ठेवायची आणि मोठी असेल तर पुढच्या व्हिडिओत बोलून दाखवायची. मत बदललं तर तेही असंच सांगता येतं. दहा वर्षांनी पुन्हा वाचलेलं पुस्तक वेगळं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त जुना व्हिडिओ गुपचूप काढून टाकू नये.

सातत्याबद्दल लोक दर आठवड्याला एक असं बोलतात. नोकरी सांभाळून तीनशे पानांचं पुस्तक नीट वाचायला, टिपणं काढायला, लिहायला आणि चित्रीकरणाला एक आठवडा पुरत नाही. पुरतो असं वाटतं तेव्हा माणूस पुठ्ठ्यावरचा मजकूर आणि शेवटचं प्रकरण वाचून बोलू लागतो, आणि नियमित बघणाऱ्याला ते दुसऱ्याच व्हिडिओत कळतं, कारण मधल्या पानांतला एकही प्रसंग येत नाही. पंधरवड्याला एक, वर्षाला साधारण पंचवीस, हा माणसाला झेपणारा वेग आहे. आवाजातलं सातत्य तारखांपेक्षा महत्त्वाचं: तीच पट्टी, तेच पहिलं वाक्य, तीन निकालांपैकी एक. अर्धवट सोडलेलं पुस्तक असेल तर किती पानांवर सोडलं ते सांगून मोकळं व्हावं. त्यावर परीक्षण होत नाही, पण का सुटलं यावर दोन मिनिटं बोलणं प्रामाणिकच असतं.

सुरुवात करणार असाल तर एवढं करा. पहिली पाच पुस्तकं कुणाकडूनही भेट घेऊ नका. जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आणि मुंबईचं १८९८पासून पुस्तकं देत आहे, आणि तालुक्याच्या गावीही एखादं सार्वजनिक वाचनालय बहुधा असतं. तिथून आणलेल्या पुस्तकावर बोलताना लेखकाचा फोन येत नाही, प्रकाशकाचं कुरिअर येत नाही आणि मत काय द्यायचं हे फक्त तुम्हालाच ठरवावं लागतं.